दर तोच सात टक्के, मग आरडीचे व्याज एफडीच्या निम्मेच का? कर्जत-खालापूरच्या दोन घरांच्या हिशेबातून समजून घ्या

बँकेच्या दरफलकावर एक वर्षाच्या एफडीसमोर सात टक्के लिहिलेले असते आणि आरडीसमोरही सात टक्केच. दोघांनी वर्षभरात प्रत्येकी १ लाख २० हजार रुपये भरले. वर्ष संपले तेव्हा एफडीवाल्याच्या हातात ८,६२३ रुपये व्याज आले आणि आरडीवाल्याला मिळाले ४,६२१. जवळपास निम्मे. बँकेने फसवले का? नाही. दोघांनाही कबूल केलेले सात टक्केच मिळाले आहेत. मग फरक कुठे पडला, आणि कोणाला कोणती ठेव सोयीची, हे या लेखात पाहू.

(उदाहरणांत सात टक्के हा दर हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतला आहे. प्रत्यक्ष दर बँकेगणिक, मुदतीगणिक वेगळे असतात आणि बदलत राहतात.)

आधी दोन्ही ठेवींतला मूळ फरक

एफडी म्हणजे मुदत ठेव. एक रक्कम एकदाच भरायची, मुदत ठरवायची आणि मुदत संपली की व्याजासह परत घ्यायची. आरडी म्हणजे आवर्ती ठेव. दर महिन्याला ठरलेला हप्ता भरायचा आणि शेवटी सगळे हप्ते व्याजासह एकरकमी घ्यायचे.

बँका या दोन्ही ठेवींवर साधारणपणे दर तिमाहीला चक्रवाढ पद्धतीने व्याज धरतात. ज्येष्ठ नागरिकांना बहुतेक बँका दोन्हींवर थोडा जास्त दर देतात. म्हणजे दराच्या बाबतीत दोन्हींत फारसा फरक नाही. फरक आहे तो पैसा बँकेत किती दिवस राहतो यात.

निम्म्या व्याजाचे कोडे

कर्जत तालुक्यातल्या एका घरात जमिनीच्या व्यवहारातून १ लाख २० हजार रुपये हातात आले आणि त्यांनी सगळी रक्कम एक वर्षाच्या एफडीत टाकली, असे समजा. हे सगळेच्या सगळे पैसे पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत बँकेत राहिले. सात टक्के दराने दर तिमाहीला पावणेदोन टक्के व्याज चढले, पुढच्या तिमाहीत त्या व्याजावरही व्याज मिळाले, आणि वर्षअखेर रक्कम झाली १,२८,६२३ रुपये.

दुसरे घर खोपोलीचे. घरातला कमावता माणूस कारखान्यात कामाला आहे आणि पगारातून दरमहा १० हजार रुपयांची आरडी भरतो. त्याचेही वर्षाचे १ लाख २० हजारच झाले. पण त्याचा पहिला हप्ता पूर्ण बारा महिने बँकेत राहिला, दुसरा अकरा महिने, तिसरा दहा महिने, आणि शेवटचा हप्ता फक्त एक महिना. या सगळ्या महिन्यांची बेरीज केली, म्हणजे बारा अधिक अकरा अधिक दहा असे करत एकपर्यंत आलो, तर उत्तर येते ७८. एफडीवाल्याचे दहा-दहा हजारांचे बाराही गठ्ठे बारा-बारा महिने राहिले, म्हणजे १४४ महिने. ७८ आणि १४४ यांच्यातला जो फरक, तोच व्याजातला फरक.

हेच वेगळ्या रीतीने पाहता येते. आरडीवाल्याचे वर्षभरात सरासरी फक्त ६५ हजार रुपये बँकेत होते. ६५ हजारांवर सात टक्के सरळव्याज होते ४,५५० रुपये. त्यात चक्रवाढीचे थोडे मिळवले की ४,६२१ होतात. म्हणजे जितका पैसा जितके दिवस बँकेत होता, त्यावर पूर्ण सात टक्के मिळाले. बँकेने काही कापले नाही.

तुमच्या आरडीवर अंदाजे किती व्याज मिळेल, हे मोबाइलच्या साध्या कॅल्क्युलेटरवर काढता येते.

```
व्याज = हप्ता × महिने × (महिने + 1) ÷ 2 × दर ÷ 1200
```

हप्ता १०,०००, महिने १२ आणि दर ७ घातला की उत्तर ४,५५० येते. हा सरळव्याजाचा अंदाज आहे, त्यामुळे बँकेकडून मिळणारी रक्कम यापेक्षा थोडी जास्त भरते. मुदत जितकी लांब, तितका हा फरक वाढतो. पण कोणी आरडीवर याच्या दुप्पट व्याज सांगत असेल, तर तो एकतर एफडीचा हिशेब आरडीला लावतोय किंवा काहीतरी लपवतोय, एवढे यावरून लगेच कळते.

मग एफडीच चांगली का?

हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. खोपोलीच्या कामगाराकडे वर्षाच्या सुरुवातीला १ लाख २० हजार नव्हतेच. ते त्याच्याकडे बारा पगारांतून आले. त्यामुळे त्याच्या आरडीची तुलना एफडीशी करून उपयोग नाही. ती करायची तर त्याने आरडी काढली नसती आणि पैसे बचत खात्यातच राहू दिले असते, तर काय झाले असते याच्याशी करायला हवी.

बचत खात्यावर अडीच टक्के व्याज धरू. दरमहा १० हजार रुपये खात्यात तसेच राहिले, एकदाही खर्च झाले नाहीत, तरी वर्षअखेर साधारण १,६२५ रुपये व्याज मिळाले असते. आरडीने ४,६२१ दिले. म्हणजे त्याच पैशांवर आरडीमुळे सुमारे तीन हजार रुपये जास्त आले. शिवाय बचत खात्यातले पैसे वर्षभर जसेच्या तसे राहतील, ही अपेक्षाच जरा धाडसाची. एटीएम कार्ड आणि यूपीआय दोन्ही त्याच खात्याला जोडलेले असतात.

आता उलट चूक पाहू. ही चूक बरीच घरे करतात. हातात एकरकमी पैसे आलेले असतात, पण 'आरडीची सवय आहे' म्हणून ते बचत खात्यात ठेवून त्यातूनच दरमहा आरडीचा हप्ता वळता केला जातो. कर्जतच्या घराने १ लाख २० हजारांचे असे केले तर? आरडीचे ४,६२१ रुपये मिळतील. बचत खात्यात महिन्यागणिक कमी होत जाणाऱ्या शिलकीवर आणखी साधारण १,३७५ रुपये मिळतील. एकूण सुमारे सहा हजार. सरळ एफडी केली असती तर ८,६२३ मिळाले असते. काहीही जास्तीचे न करता अडीच हजारांहून अधिक रुपये गेले.

थोडक्यात, ठेव निवडताना पहिला प्रश्न 'कशावर जास्त व्याज' हा नसून 'पैसा माझ्या हातात कसा येतो' हा आहे. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत दोन्ही तऱ्हा शेजारी-शेजारी नांदतात. एकीकडे खोपोली, खालापूरच्या कारखान्यांतला आणि लोकलने मुंबई-ठाण्याला जाणाऱ्या नोकरदारांचा महिन्याचा पगार. दुसरीकडे वर्षातून एकदा येणारे भाताचे पैसे, फार्महाऊससाठी विकलेल्या जमिनीची रक्कम किंवा पनवेल-कर्जत रेल्वेमार्गासारख्या प्रकल्पात गेलेल्या जमिनीचा मोबदला. पगाराच्या पैशाला आरडी शोभते. एकदम आलेल्या पैशाला एफडी.

दर कधी ठरतो, याला महत्त्व आहे

आरडीचा एक गुण फारसा कोणी सांगत नाही. आरडी उघडताना जो दर ठरतो, तोच पुढच्या सगळ्या हप्त्यांना लागू राहतो. जे पैसे तुम्ही अजून कमावलेलेही नाहीत, त्यांचाही दर आज पक्का होतो.

२०२५ मध्ये हे चांगलेच दिसले. रिझर्व्ह बँकेने त्या वर्षी फेब्रुवारी, एप्रिल, जून आणि डिसेंबर अशा चार टप्प्यांत रेपो दर ६.५० टक्क्यांवरून ५.२५ टक्क्यांवर आणला आणि बँकांनी ठेवींचे दरही खाली आणले. ज्यांनी जानेवारीत दोन वर्षांची आरडी सुरू केली होती, त्यांचे डिसेंबरनंतरचे हप्तेही जुन्याच चढ्या दराने वाढत राहिले. जे लोक 'पैसे साठले की एफडी करू' म्हणून थांबले, त्यांना एफडी करताना नवा, कमी दर मिळाला.

दर चढत असतात तेव्हा नेमके उलटे होते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर गेला. त्याआधी लांब मुदतीची आरडी काढलेल्यांचे नवे हप्तेही जुन्या, कमी दरात अडकले. अशा वेळी काही जण वेगळा मार्ग घेतात. आरडी न काढता दरमहा १० हजारांची एक वर्षाची छोटी एफडी बँकेच्या अॅपवरून करायची. वर्षानंतर दर महिन्याला एक एफडी सुटते आणि तिचे नूतनीकरण त्या वेळच्या दराने होते. यात हप्ता चुकल्याचा दंड नसतो. तोटा एवढाच की बारा पावत्यांचा हिशेब ठेवावा लागतो आणि 'या महिन्यात राहू दे' म्हणणे फार सोपे होते.

हप्ता चुकला तर काय होते?

एफडीत हा प्रश्नच येत नाही. आरडीत तो हमखास येतो. दसरा-दिवाळीचा महिना, घरातले आजारपण, ओव्हरटाइम नसलेला महिना, कारण काहीही असो. बँकेच्या आरडीत दंडाचे नियम बँकेगणिक वेगळे आहेत, म्हणून इथे देशभर सारखे नियम असलेली टपाल खात्याची आरडी उदाहरणादाखल घेऊ. छोट्या गावांत बँकेपेक्षा पोस्टच जवळ असते, हेही कारण आहेच.

पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते. किमान हप्ता १०० रुपये आणि पुढे दहाच्या पटीत कितीही. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचा दर ६.७ टक्के करण्यात आला. सरकार दर तिमाहीला नव्या खात्यांसाठी दर जाहीर करते, पण उघडलेल्या खात्याचा दर बदलत नाही. ६.७ टक्के दराने दरमहा २ हजार रुपये भरले, तर पाच वर्षांत तुमचे १ लाख २० हजार जातात आणि सुमारे १ लाख ४२ हजार ७०० रुपये परत येतात.

खाते महिन्याच्या १५ तारखेपर्यंत उघडले असेल, तर पुढचा प्रत्येक हप्ता १५ तारखेपर्यंत भरायचा. १६ तारखेनंतर उघडले असेल, तर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत. पगार उशिरा होत असेल तर खाते १६ नंतरच उघडावे, म्हणजे पुढची पाच वर्षे धावपळ होत नाही.

हप्ता चुकला तर दर १०० रुपयांमागे महिन्याला एक रुपया दंड. दोन हजारांच्या हप्त्याला २० रुपये. ही रक्कम छोटी आहे आणि म्हणूनच लोक निष्काळजी राहतात. खरी अडचण चौथ्या चुकलेल्या हप्त्याला येते. चार हप्ते थकले की खाते बंद पडलेले धरले जाते. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत थकबाकी भरून ते पुन्हा चालू करता येते. तेवढ्यातही केले नाही, तर त्या खात्यात नवे पैसे भरता येत नाहीत.

ज्यांचे उत्पन्न हंगामी आहे त्यांच्यासाठी याच योजनेत एक सोय आहे. सहा किंवा बारा महिन्यांचे हप्ते आगाऊ भरले तर सूट मिळते. सहा महिन्यांना दर १०० रुपयांच्या हप्त्यामागे १० रुपये आणि बारा महिन्यांना ४० रुपये. दोन हजारांचा हप्ता असेल आणि वर्षाचे २४ हजार एकदम भरले, तर ८०० रुपये सूट. भात विकल्यावर किंवा माथेरान-नेरळ परिसरातला पर्यटनाचा हंगाम आटोपल्यावर वर्षाचे हप्ते एकदम उरकून टाकता येतात.

मुदतीआधी पैसे लागले तर

'लवचीकता' हा शब्द जाहिरातींत दोन्ही ठेवींना लावला जातो. प्रत्यक्षात ती किती महाग पडते ते पाहू.

आधी एफडी. १ लाख २० हजार रुपये तीन वर्षांसाठी सात टक्क्यांनी ठेवले आणि एक वर्षाने मोडावी लागली, असे समजा. बँक आता तुम्हाला सात टक्के देणार नाही. ठेव प्रत्यक्षात जितका काळ राहिली, त्या मुदतीचा दर आधी पाहिला जातो. तुम्ही ठेव ठेवली त्या दिवशी एक वर्षाचा दर साडेसहा टक्के होता, असे धरू. त्यातून दंड म्हणून अर्धा ते एक टक्का वजा होतो. एक टक्का वजा झाला तर हातात साडेपाच टक्के. वर्षाचे व्याज ६,७३७ रुपये. सात टक्क्यांनी ८,६२३ झाले असते. मुद्दलाला मात्र धक्का लागत नाही.

यावर उपाय सोपा आहे. १ लाख २० हजारांची एकच पावती करण्याऐवजी ४० हजारांच्या तीन करा. व्याज तेवढेच मिळते. गरज ३५ हजारांची पडली तर एकच पावती मोडायची, बाकीच्या दोन सात टक्क्यांवर चालू राहतात. काम महिन्या-दोन महिन्यांचेच असेल, तर पावती न मोडता तिच्यावर कर्ज किंवा ओव्हरड्राफ्ट घ्या. अनेक बँका ठेवीच्या सुमारे ९० टक्क्यांपर्यंत ते देतात आणि त्यावर ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याज लावतात. मुदत संपायला थोडेच दिवस उरले असतील, तर मोडण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

एक अपवाद लक्षात ठेवा. कर वाचवण्यासाठी घेतलेली पाच वर्षांची 'टॅक्स सेव्हर' एफडी मुदतीआधी मोडता येत नाही आणि तिच्यावर कर्जही मिळत नाही.

आता आरडी. पोस्टाच्या आरडीत तीन वर्षे पूर्ण होण्याआधी खाते बंद करता येत नाही. तीन वर्षांनंतर बंद केले, तर व्याज ६.७ टक्क्यांनी नाही, पोस्टाच्या बचत खात्याच्या दराने, म्हणजे ४ टक्क्यांनी मिळते. दरमहा २ हजारांप्रमाणे तीन वर्षांत ७२ हजार भरलेले असतात. ६.७ टक्क्यांनी त्यावर सुमारे ७,९०० रुपये व्याज झाले असते. खाते बंद केल्यास सुमारे साडेचार हजारच मिळतात. ३,४०० रुपयांच्या आसपास नुकसान.

इथेही मधला मार्ग आहे. बारा हप्ते भरून एक वर्ष पूर्ण झाले असेल, तर शिलकीच्या ५० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते. त्यावर व्याज आरडीच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त, म्हणजे ८.७ टक्के. ३० हजारांची सहा महिन्यांसाठी गरज असेल, तर व्याज साधारण १,३०० रुपये होते. खाते बंद करून ३,४०० गमावण्यापेक्षा हे बरे.

एकूण पाहता, बँकेची एफडी तुकड्यांत मोडता येते, आरडी मोडायची तर अख्खी मोडावी लागते. अडीअडचणीचा पैसा म्हणूनच आरडीत ठेवू नये. तो छोट्या एफडींत असावा.

दरमहा व्याज हवे असेल तर?

हे काम फक्त एफडीच करू शकते. बँकेत एफडी करताना 'व्याज साठत जाऊ दे' आणि 'व्याज मला देत राहा' असे दोन पर्याय असतात. पहिल्यात व्याज मुद्दलात मिळत जाते आणि चक्रवाढ होते. दुसऱ्यात ते दर महिन्याला किंवा तिमाहीला बचत खात्यात येते, मुद्दल तेवढेच राहते. निवृत्तांना आणि जमिनीच्या पैशावर घर चालवणाऱ्यांना दुसरा पर्याय लागतो. मासिक व्याज घेतल्यास मिळणारी रक्कम थोडी कमी असते, कारण बँक ती तिमाहीआधीच देते.

पोस्टाच्या मुदत ठेवीत मात्र एक गोष्ट माहीत नसल्याने नुकसान होते. तिथे व्याजाचा हिशेब तिमाहीने होतो, पण ते वर्षातून एकदा देय होते. तुम्ही ते उचलले नाही, तर पडून राहिलेल्या व्याजावर पुढे व्याज मिळत नाही. म्हणून ठेव करतानाच ते व्याज पोस्टाच्या बचत खात्यात जमा होण्याचा अर्ज द्या. त्याच व्याजातून आरडीचा हप्ता भरण्याची युक्ती अनेक घरांत वापरली जाते. एफडीचे मुद्दल शाबूत राहते आणि व्याजातून दुसरी ठेव उभी राहते.

कर दोन्हींवर सारखाच

'आरडीवर टीडीएस कापत नाहीत' ही समजूत आता जुनी झाली. जून २०१५ पासून बँकेतल्या आरडीच्या व्याजालाही टीडीएस लागू आहे. एप्रिल २०२५ पासूनच्या नियमानुसार एका बँकेतले तुमच्या सगळ्या ठेवींचे वर्षाचे व्याज ५० हजारांच्या वर गेले, तर बँक १० टक्के टीडीएस कापते. ज्येष्ठ नागरिकांसाठी ही मर्यादा एक लाख आहे. पॅन दिलेला नसेल तर २० टक्के कापले जातात.

तुमचे उत्पन्न करपात्र होत नसेल, तर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेत तसे स्वयंघोषणापत्र द्या. आणि टीडीएस कापला नाही म्हणजे व्याज करमुक्त झाले, असे नाही. दोन्ही ठेवींचे व्याज तुमच्या उत्पन्नात धरले जाते. ठेव तीन वर्षांनी सुटणार असली, तरी व्याज दरवर्षी जमा होते आणि बँक टीडीएसही त्या-त्या वर्षी कापते.

पैसा कुठे ठेवता, हे व्याजापेक्षा मोठे

रायगडकरांना हे वेगळे सांगायला नको. २०१० मध्ये पेण अर्बन बँक अडचणीत आली, तेव्हा ठेव विम्याची मर्यादा एका ठेवीदाराला एक लाख रुपये होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हा ९५ टक्के ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले होते. उरलेल्या पाच टक्क्यांचे पैसे पाच लाखांच्या वर होते.

ही पाच लाखांची मर्यादा प्रत्येक पावतीला नाही. एका बँकेतल्या तुमच्या नावावरच्या बचत खात्याची, एफडीची आणि आरडीची बेरीज करून, मुद्दल आणि व्याज मिळून, पाच लाख. शाखा वेगळ्या असल्या तरी बेरीज एकच होते. पाच लाखांची दोन वर्षांची एफडी सात टक्क्यांनी मुदतीअखेर ५ लाख ७४ हजारांवर जाते, म्हणजे वरचे ७४ हजार विम्याबाहेर राहतात. सव्वाचार लाख ठेवले तर दोन वर्षांनी सुमारे ४ लाख ८८ हजार होतात आणि सगळे संरक्षणात राहतात. जमिनीचा मोबदला मोठा असेल, तर तो दोन-तीन बँकांत वाटून ठेवण्याचे कारण हेच.

आणि सर्वात महत्त्वाचे. हा विमा व्यापारी बँका आणि सहकारी बँकांच्या ठेवींना आहे, पतसंस्थांच्या ठेवींना नाही. बाजारपेठेत दुकानावर येऊन रोजची पिग्मी गोळा करणारी संस्था पतसंस्था असेल, तर तिच्या एफडी-आरडीला हे पाच लाखांचे कवच नसते. दर दोन टक्क्यांनी जास्त दिसला, तर आधी पावतीवरचे नाव वाचा. 'बँक' आहे की 'पतसंस्था', एवढे पाहायला एक मिनिट पुरते. पोस्टाच्या ठेवींमागे थेट केंद्र सरकार असते.

शेवटी, एका खर्चाचा पूर्ण हिशेब

पुढच्या जूनमध्ये मुलाच्या प्रवेशासाठी ६० हजार रुपये लागणार आहेत, असे समजा. सात टक्के दराच्या एक वर्षाच्या बँक आरडीत दर १० हजारांच्या हप्त्याचे १ लाख २४ हजार ६२१ होतात, हे आपण पाहिले. त्याच प्रमाणात ६० हजारांसाठी हप्ता येतो सुमारे ४,८१५ रुपये. वरखर्चाचा अंदाज धरून ५ हजार ठेवा.

सुरुवात कधी करायची, यात अनेकांचे चुकते. आरडीची रक्कम शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी मिळत नाही, त्यानंतर एक महिन्याने मिळते. १० मेला पहिला हप्ता भरलात, तर बारावा हप्ता पुढच्या १० एप्रिलला जातो आणि पैसे १० मेला हातात येतात. जूनच्या फीसाठी हे बरोबर बसते. जुलैमध्ये सुरुवात केलीत, तर पैसे पुढच्या जुलैत येतील आणि जूनची फी भरायला आरडी मोडावी लागेल.

आणि हेच ६० हजार आज एकदम हातात असतील, तर आरडीचा विचारही करू नका. फीच्या तारखेआधी पंधरा दिवस सुटेल अशा मुदतीची एफडी करा. पावतीवर 'आपोआप नूतनीकरण' असा पर्याय असतो, त्यावर खूण करू नका. नाहीतर ऐन फीच्या वेळी ठेव पुन्हा वर्षभरासाठी गेलेली असेल. नॉमिनीचे नाव मात्र नक्की लिहा.